प्रेमकथा नको, सबटायटल नको: अप्पांची पहिली कोरियन मालिका

आमच्या घरात संध्याकाळी टीव्ही लागतो, पण बघायचा कमी आणि ऐकायचा जास्त. माझ्या हातात मेथीची जुडी नाहीतर इस्त्रीचे कपडे असतात. अप्पा, म्हणजे माझे वडील, दिवाणी न्यायालयातून शिरस्तेदार म्हणून निवृत्त झालेले. बातम्या संपल्या की ते खोलीत जातात, कारण पुढच्या मालिकांतल्या लग्नाच्या आणि रुसव्याफुगव्याच्या गोष्टींचा त्यांना कंटाळा आहे. मलाही आहे. त्यामुळे भाची हॉस्टेलवरून संक्रांतीला घरी आली आणि "मावशी, तुम्ही दोघं एक तरी के-ड्रामा बघाच," म्हणाली तेव्हा मी सरळ नाही म्हटलं होतं. एकतर ते सगळं प्रेमाबिमाचं, आणि वर खाली अक्षरं वाचत बसायची.

ही जानेवारी 2024 ची गोष्ट. मार्च संपेपर्यंत आम्ही सोळा भागांची एक मालिका दोघांनी मिळून संपवली. निवड करताना आधी दोनदा चुकलो. आमच्यासारखंच ज्यांच्या घरात 'प्रेम नको आणि वाचायलाही नको' असं आहे, त्यांचे ते दोन आठवडे वाचावेत म्हणून सगळं लिहून ठेवते.

20 जानेवारीला, शनिवारी, नेटफ्लिक्स घेतलं. तेव्हा 149 रुपयांचा महिन्याचा प्लॅन फक्त मोबाइल-टॅबलेटवर चालायचा, टीव्हीवर हवं असेल तर 199 चा घ्यावा लागायचा. आम्ही 199 चा घेतला. एका वेळी एकाच पडद्यावर चालतो, आम्हाला तेवढं पुरे. तीन महिने ठेवलं, एकूण 597 रुपये झाले.

त्याच संध्याकाळी भाचीच्या यादीतली पहिली मालिका लावली. तिचं नाव लिहीत नाही, कारण दोष तिचा नव्हता. पहिल्या वीस मिनिटांत कंपनीचा तरुण मालक आणि गरीब घरातली मुलगी एकमेकांवर आदळली, तिच्या हातातली कॉफी त्याच्या कोटावर सांडली. अप्पा चाळिसाव्या मिनिटाला उठले. मला राग आला तो वेगळ्याच गोष्टीचा. भाचीने ही मालिका 'ऑफिसची गोष्ट' म्हणून सांगितली होती. नंतर कळलं की ही तक्रार खुद्द कोरियन प्रेक्षकांचीही जुनीच आहे. डॉक्टरांची मालिका म्हणजे डॉक्टर इस्पितळात प्रेमात पडतात, वकिलांची मालिका म्हणजे वकील कोर्टात प्रेमात पडतात, असं तिथे गमतीने म्हणतात. म्हणजे विषयावरून अंदाज बांधण्यात अर्थ नाही. इस्पितळ, कोर्ट, ऑफिस हे सगळं नुसतं नेपथ्य असू शकतं.

दुसऱ्या दिवशी उलटा विचार केला. वाचायचं नाही ना, मग हिंदी डबिंग असलेलं काहीतरी लावू. 'स्क्विड गेम' हिंदीत होतंच. प्रेमकथा नाही, वाचायला नाही, दोन्ही अटी पूर्ण. पण पहिल्या भागातला तो लहान मुलांचा खेळ सुरू झाला आणि माणसं ढिगाने पडू लागली, तेव्हा अप्पांनी माझ्याकडे असं बघितलं की मी रिमोट उचलला. दोन अटी पाळून आम्ही तिसरी विसरलो होतो: घरात बसून बघवलं पाहिजे.

डबिंगबद्दल एक गोष्ट मात्र त्या तासाभरात लक्षात आली. ओठ एकीकडे आणि शब्द दुसरीकडे, हे चालून जातं. चालत नाही तो आवाज. माणूस पडद्यावर पुटपुटतोय आणि कानावर खणखणीत हिंदी पडतंय, त्यामुळे चेहऱ्यावरचं निम्मं कळत नाही. अप्पा म्हणाले, "साक्षीदार काय बोलतो यापेक्षा कसा बोलतो ते बघायचं असतं. इथे साक्षीदार एक आणि बोलणारा दुसराच." हिंदी आवाजासोबत इंग्रजी सबटायटल लावून बघितलं, तर ते आणखी वाईट. दोन्ही भाषांतरं वेगवेगळी, ऐकलेलं आणि वाचलेलं जुळेना. तसं करू नका.

म्हणजे सबटायटल टाळून चालणार नव्हतं. मग ती सोपी कशी करायची, याच्या मागे लागले. त्या आठवड्यात भाचीशी फोनवर तासभर बोलले आणि आमचं काय अडतं ते स्पष्ट सांगितलं. दोन नावं तिने लगेच सांगितली. एक 'मिसेंग', 2014 सालची, व्यापारी कंपनीत कंत्राटावर लागलेल्या मुलाची. गो हा पटावरचा खेळ व्यावसायिक खेळाडू म्हणून खेळायचं त्याचं स्वप्न मोडलेलं असतं. दुसरी 'स्ट्रेंजर', 2017 ची, एका सरकारी वकिलाची. दोन्ही टीव्हीएन या केबल वाहिनीवरच्या. प्रेमाचा धागा नसलेल्या, कामाभोवतीच फिरणाऱ्या मालिकांना तिकडे 'जांगरूमुल' म्हणतात, म्हणजे ठरावीक प्रकारची, जॉनरची मालिका. हा शब्द टाकून शोधलं तर याद्या वेगळ्याच येतात, त्यात कॉफी सांडत नाही.

'स्ट्रेंजर'चं मूळ कोरियन नाव 'बिमिरे सुप', अर्थ गुपितांचं जंगल. ती निवडायचं कारण उघड होतं. अप्पांची पस्तीस वर्षं कोर्टाच्या दप्तरात गेलेली. माणसाला ज्या कामाची आतून माहिती आहे त्या कामावरची मालिका पहिली घ्यावी, हे मला तेव्हा सुचलं आणि आता तर पक्कं पटलंय. शिक्षक असाल तर शाळेची, ऑफिसात आयुष्य गेलं असेल तर 'मिसेंग'. सबटायटलचा एखादा शब्द सुटला तरी काय चाललंय ते कळत राहतं.

बघायला बसण्याआधी, 2 फेब्रुवारीच्या शुक्रवारी रात्री, अक्षरांचं काम केलं. हे कुणी सांगत नाही, आणि निम्मी लढाई इथेच आहे. अप्पांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन डिसेंबरमध्ये झालेलं. लांबचं स्वच्छ दिसतं, जवळचं वाचायला चष्मा लागतो. टीव्ही खुर्चीपासून नऊ फुटांवर. मूळची सबटायटल पांढरी, बारीक, आणि मागे पांढरा शर्ट घातलेला माणूस आला की गायब. लॅपटॉपवर नेटफ्लिक्सच्या अकाउंटमध्ये गेलं की प्रत्येक प्रोफाइलखाली सबटायटल कशी दिसावीत याची जागा आहे. तिथे आकार मोठा केला, रंग पिवळा, मागे काळी पट्टी. टीव्हीवर लगेच बदल दिसला नाही, प्रोफाइलमधून बाहेर पडून परत आत आल्यावर दिसला. अप्पांसाठी वेगळं प्रोफाइल केलं, म्हणजे माझं माझ्यासारखं राहिलं.

दुसरी गोष्ट, भाषांच्या यादीत साधी इंग्रजी आणि सीसी लिहिलेली इंग्रजी अशा दोन दिसल्या तर साधी घ्या. सीसी ही ऐकू न येणाऱ्यांसाठी असते, तिच्यात दार वाजलं, संगीत वाढलं असंही लिहिलेलं येतं. पहिल्यांदा वाचणाऱ्याला तेवढी अक्षरं जास्त होतात. आणि एक मर्यादा आत्ताच सांगते. आम्ही इंग्रजी वाचली. घरात इंग्रजी भराभर वाचता येत नसेल, तर मालिका ठरवण्याआधीच तिच्या भाषांच्या यादीत हिंदी आहे का ते बघा, कारण प्रत्येक मालिकेला ती नसते.

इंग्रजी सबटायटल करणाऱ्यांना नेटफ्लिक्सचा नियम असा आहे की एका वेळी जास्तीत जास्त दोन ओळी, एका ओळीत 42 अक्षरं, आणि एक तुकडा सात सेकंदांपेक्षा जास्त राहू नये. हे कळल्यावर मला धीर आला. समोर परिच्छेद येणार नाही, फार तर दोन ओळी येणार. अप्पांना सांगितलं की शब्द न शब्द वाचू नका, ओळीवरून नजर फिरवा आणि लगेच चेहऱ्याकडे जा. सुटलं तर रिमोटचं डावं बटण दाबलं की दहा सेकंद मागे जातं.

3 फेब्रुवारी, शनिवार, रात्री साडेआठ. भाजी आधीच निवडून ठेवली होती, कारण या मालिकेला डोळे द्यावे लागणार हे ठरलेलं.

गोष्ट एवढीच सांगते. ह्वांग शी-मोक नावाचा सरकारी वकील सोलच्या पश्चिम विभागाच्या कार्यालयात काम करतो. लहानपणी त्याच्या मेंदूची शस्त्रक्रिया झालेली आहे, त्यानंतर त्याला भावना जवळजवळ जाणवत नाहीत. तो एका व्यावसायिकाच्या घरी जातो, तर तो माणूस मेलेला. या व्यावसायिकाने वर्षानुवर्षं वकिलांच्या वरिष्ठांचे खिसे भरलेले आहेत. म्हणजे खुनाचा धागा ओढला की तो शी-मोकच्या स्वतःच्या ऑफिसात निघतो.

पाचव्या की सहाव्या मिनिटाला अप्पांनी थांबवायला सांगितलं. "अगं, हा सरकारी वकील आहे ना? मग प्रेताशेजारी काय करतोय? पंचनामा पोलीस करतील."

हा प्रश्न महत्त्वाचा होता, कारण त्याचं उत्तर मिळालं नसतं तर सोळा भाग डोक्यावरून गेले असते. आपल्याकडे तपास पोलिसांचा, दोषारोपपत्र पोलिसांचं, आणि सरकारी वकील कोर्टात खटला चालवतो. कोरियात 'कॉमसा' नावाचा जो अधिकारी आहे त्याला इंग्रजीत सरकारी वकीलच लिहितात, पण तो स्वतः तपास करायचा, संशयिताला समोर बसवून जबाब घ्यायचा, पोलिसांच्या तपासाला दिशा द्यायचा. अटकेचं किंवा झडतीचं वॉरंट न्यायाधीशाकडे मागायचा अधिकार तिथल्या राज्यघटनेनेच फक्त त्याला दिलाय. पोलिसांना हवं असेल तर त्याच्यामार्फत जावं लागतं. मालिका आली तेव्हा ही सत्ता पूर्ण होती. 2021 च्या सुरुवातीपासून कायदा बदलून तिला बरीच कात्री लागली. मी हे सगळं त्या रात्री थांबून थांबून वाचून दाखवलं. अप्पा ऐकून म्हणाले, "म्हणजे तपास त्याचा, खटला त्याचा. मग त्याच्यावर नजर कुणाची?" संपूर्ण मालिका याच एका प्रश्नावर उभी आहे. त्यांनी तो पहिल्या रात्री विचारला.

थोड्या वेळाने पात्रं 'ब्लॅकबॉक्स, ब्लॅकबॉक्स' म्हणू लागली. अप्पांना विमान आठवलं. कोरियात गाडीच्या काचेवर लावलेल्या कॅमेऱ्याला ब्लॅकबॉक्स म्हणतात. तिथे तो टॅक्सी असो की घरची गाडी, सर्रास असतो, आणि या खटल्यात एका टॅक्सीतलं चित्रण सगळ्यात मोठा पुरावा ठरतं. असे इंग्रजीतून गेलेले शब्द कान पकडत राहतात, त्यामुळे परक्या भाषेची भीती कमी होते.

तो भाग संपायला आम्हाला दोन तास लागले. भाग साधारण तासाचा आहे. अप्पा दमले होते, मीही. दुसऱ्या दिवशी बघायचं की नाही यावर आम्ही काहीच बोललो नाही. मला वाटलं, तिसऱ्यांदा चुकलं.

रविवारी दुपारी चहाच्या वेळी बघते तर अप्पा जुन्या डायरीचं एक पान आखून बसलेले. कोर्टात दाव्याच्या फाइलवर पक्षकारांची नावं लिहितात तशी उजवी-डावी. आदल्या रात्री त्यांना भाषेचा त्रास झालाच नव्हता, नावांचा झाला होता. कोरियन नावात आडनाव आधी, मग दोन अक्षरांचं नाव, आणि सगळी कानाला सारखी. एकदा त्याला शी-मोक म्हणतात, एकदा ह्वांग, एकदा नुसतं साहेब. अप्पांनी नावापुढे हुद्दा आणि एक खूण लिहिली होती. 'ह्वांग – वकील, हसत नाही.' 'हान – फौजदार बाई, लांब कोट.' 'ई – वरचे साहेब, सासरा श्रीमंत.' 'सो – वकील, गोड बोलतो, सांभाळून.' 'योंग – नवी वकील, वडील माजी मंत्री.' चष्मा कपाळावर सरकवून टीव्ही बघायचा, खाली ओढून डायरीत लिहायचं. चौथ्या भागापर्यंत त्या पानावर चौदा नावं झाली, नंतर भर पडली नाही. तुम्ही हीच मालिका घेतलीत तर असं पान कराच. इंटरनेटवर पात्रांची यादी शोधायला जाऊ नका, तिथे कोण मरणार ते नावाशेजारीच लिहिलेलं असतं.

गंमत म्हणजे मालिकेतली ती फौजदार, हान यो-जिन, हिलाही वहीत चित्रं काढायची सवय आहे. माणसं समजून घेताना ती व्यंगचित्रासारखे चेहरे काढते. अप्पांना ती फार आवडली. ही भूमिका बे डू-नाने केली आहे आणि शी-मोक चो सुंग-वूने. दोघं सोळा भाग एकत्र काम करतात, एकत्र जेवतात, एकमेकांवर विश्वास ठेवायला शिकतात, आणि त्यात प्रेमप्रकरण येत नाही. मी सहाव्या भागापर्यंत धास्तीत होते की आता कधीतरी पाऊस येईल आणि एकच छत्री निघेल. निघत नाही. उलट त्या माणसाच्या चेहऱ्यावर एका प्रसंगी ओठाचा कोपरा किंचित हलतो, तेव्हा अप्पांनी "हसला!" म्हणून खुर्चीचा हात थोपटला. प्रेमकथा बघणाऱ्यांना नायक-नायिका भेटल्यावर जे वाटत असेल, ते आम्हाला त्या अर्ध्या हसण्यावर वाटलं.

शनिवारी एक, रविवारी एक असं ठरवलं. मूळ मालिकाही कोरियात अशीच आली होती, 10 जून ते 30 जुलै 2017, दर शनिवार-रविवार. या मालिका त्या गतीसाठीच लिहिलेल्या असतात. रविवारचा भाग अशा जागी थांबतो की आठवडाभर डोक्यात राहावं. आम्ही सोमवारी सकाळी पोहे खाताना संशयितांवर बोलायचो. एका रात्री चार-चार भाग बघितले असते तर नावं पुन्हा गोंधळली असती, आणि अप्पांच्या डोळ्यांनाही झेपलं नसतं.

तिसऱ्या आठवड्यात एक बदल आपोआप झाला. अप्पांनी मागे जायचं बटण दाबणं जवळजवळ थांबवलं. मी विचारलं तर म्हणाले, आता वाचतोय असं वाटत नाही. मला यामागचं एक कारण नंतर उमगलं. कोरियन वाक्यात क्रियापद शेवटी येतं, मराठीसारखंच, आणि नकारही बहुतेक वेळा तिथेच. 'तो त्या रात्री त्या घरात गेला नव्हता' यातलं 'नव्हता' नट शेवटी बोलतो. इंग्रजी ओळ मात्र नकार आधी सांगून टाकते. म्हणून आपण भराभर वाचलं तर उत्तर आधी कळतं आणि चेहरा नंतर बदलतो. सुरुवातीला हे विचित्र वाटलं. मग आम्ही दोघंही तो शेवटचा शब्द नटाच्या तोंडून येईपर्यंत चेहऱ्यावर थांबायला लागलो, आणि तिथेच मजा यायला लागली.

'निम' हा एक प्रत्ययही कानात बसला. 'कॉमसानिम' म्हणजे वकीलसाहेब. कोण कुणाला निम लावतो, कोण रागाच्या भरात तो गाळतो, हे ऐकलं की कोण वर आणि कोण खाली ते कळतं. सबटायटलमध्ये तो साहेबपणा बऱ्याचदा गळून जातो. अप्पांसारख्या आयुष्यभर 'साहेब' म्हणत आणि ऐकत आलेल्या माणसाला तो आवाजातून कळला, हे मला डबिंग सोडल्याचं सगळ्यात मोठं फळ वाटतं.

मधला एक आठवडा जड गेला, आठवा-नववा भाग. गोष्ट पसरते, पैसा कुठून कुठे गेला याचं बोलणं वाढतं. इथे सोडून देणारे बरेच असतील. आम्ही त्या शनिवारी भाग न लावता डायरीचं पान समोर घेऊन आतापर्यंत कोण कुणाला का वाचवतंय ते बोललो, आणि पुढच्या दिवशी दोन भाग बघितले. विषयही कडक आहे. लाचेत नुसते पैसे नाहीत, एका अल्पवयीन मुलीचा वापर आहे. दाखवण्यात सवंगपणा नाही, तरी शाळकरी मुलांना घेऊन बसू नका. कोरियन वाहिन्यांवरच्या मालिकांत कधी सुऱ्याचं पातं किंवा सिगारेट धुरकट केलेली दिसते, तो त्यांच्या प्रसारणाचा शिरस्ता आहे, टीव्ही बिघडलेला नसतो.

शेवटचा भाग 24 मार्चला आला. त्या दिवशी होळी. संध्याकाळी पुरणपोळी, होळीला नैवेद्य, गल्लीतली मुलं बोंबा मारत होती. आवरेपर्यंत साडेनऊ झाले. मी म्हटलं उद्या बघू. अप्पांनी आधीच खुर्ची पुढे ओढली होती. बाहेर एवढा गलका होता की कोरियनही धड ऐकू येत नव्हतं, आणि प्रथमच सबटायटल आहेत म्हणून बरं वाटलं.

शेवट सांगत नाही. एवढंच, की कथेतला गुन्हेगार कळल्यावर त्याची बाजू अप्पांना अर्धी पटली आणि मला पटली नाही, आणि रंगपंचमीपर्यंत आमचा वाद चालू होता.

भाचीने नंतर विचारलं की तुम्हाला पुन्हा पहिली निवडायची असती तर हीच घेतली असती का. आम्ही दोघांनी हो म्हटलं, पण तिच्या आईसाठी आम्ही वेगळी सुचवली. ताईला खून-तपास आवडत नाही आणि सोळा भाग म्हटलं की ती दचकते. तिला 'मूव्ह टू हेवन' लावून दिली, 2021 ची, दहाच भागांची. एकट्याने मेलेल्या माणसांची घरं आवरून त्यांच्या वस्तू नातेवाइकांपर्यंत पोचवणाऱ्या मुलाची आणि त्याच्या काकाची गोष्ट. जवळजवळ प्रत्येक भागात एक नवं घर, म्हणून नावं लक्षात ठेवायचं ओझं नाही. ताई दुसऱ्या भागाला रडली आणि तिसरा लगेच लावला.

'स्ट्रेंजर'चा दुसरा सीझन 2020 चा आहे, तोही सोळा भागांचा. तपासाचा अधिकार वकिलांकडे राहावा की पोलिसांकडे जावा, या भांडणावर. मी अप्पांना एवढंच सांगितलं. त्यांनी डायरीचं पान उलटलं, मधोमध पट्टीने रेघ मारली, डावीकडे 'वकील' लिहिलं, उजवीकडे 'पोलीस', आणि हानचं नाव कुठल्या बाजूला लिहायचं यावर पेन धरून थांबले.